घरातल्या बोक्याला ड्राय, वेट की दोन्ही?

प्रश्न: माझा बोका साडेचार वर्षांचा आहे, न्यूटर केलेला, फ्लॅटच्या बाहेर जात नाही. वजन ५.८ किलो. ड्राय फूडचा वाडगा दिवसभर भरलेला असतो, रविवारी एखादं पाऊच. दुकानदार म्हणतो ड्रायच द्या, दात चांगले राहतात. मैत्रीण म्हणते ड्राय म्हणजे किडनीची वाट. दोन्ही एकत्र दिलं तर पोट बिघडतं असंही ऐकलंय. नक्की काय देऊ? महिन्याला दोन हजारांच्या वर जमणार नाही.

उत्तर: दोन्ही द्या. रोज एक पाऊच दोन वेळांत वाटून, त्यात थोडं पाणी कालवून, आणि उरलेलं ड्राय वजन करून. दिवसभर भरलेला वाडगा मात्र बंद करा. तुमच्या बजेटमध्ये हे बसतं, हिशोब खाली देतो. आधी मी या निर्णयाला कसा आलो ते सांगतो, म्हणजे उद्या ब्रँड बदलला किंवा पाऊच मिळालं नाही तर तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

दुकानदार आणि तुमची मैत्रीण, दोघांचंही अर्धवट खरं आहे. पण तुमच्या बोक्याच्या बाबतीत मला खरी काळजी दोनच गोष्टींची वाटते. त्याच्या पोटात पाणी किती जातं आणि कॅलरी किती जातात. तो नर आहे, न्यूटर झालेला आहे, घरातच असतो, वजन जास्त आहे आणि जवळपास पूर्ण ड्रायवर आहे. लघवी तुंबून रात्री-अपरात्री दवाखान्यात आणलेले जे बोके आम्ही पाहतो, त्यांचं वर्णन बहुतेक वेळा असंच असतं.

पाण्याचं आधी बघू. आपल्या मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. पाणी त्यांना शिकारीतून मिळायचं. उंदराच्या किंवा पक्ष्याच्या शरीरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणून मांजराची किडनी लघवी अतिशय घट्ट करू शकते आणि तहान मात्र उशिरा लागते. ड्राय फूडमध्ये पाणी आठ-दहा टक्के, पाऊचमध्ये ऐंशीच्या आसपास. ड्रायवरचं मांजर वाडग्यातलं पाणी जास्त पितं हे खरं, पण खाणं आणि पिणं मिळून हिशोब केला तर वेट खाणाऱ्या मांजरापेक्षा एकूण पाणी कमीच भरतं. लघवी कमी होते, घट्ट होते, मूत्राशयात जास्त वेळ राहते. त्यात खडे किंवा कचऱ्यासारखा गाळ धरला, की नराच्या अरुंद मूत्रनळीत तो अडकायला वेळ लागत नाही. मादीची नळी रुंद आणि आखूड असते, म्हणून मादीला त्रास झाला तरी सहसा पूर्ण तुंबत नाही.

हे तुम्ही घरी पाहूही शकता. गोळे होणारी बेंटोनाइटची लिटर वापरत असाल तर सकाळी ट्रे साफ करताना गोळ्यांकडे लक्ष द्या. ड्रायवरच्या मांजराचे गोळे बरेचदा लिंबाएवढे असतात, दिवसाला दोन-तीन. खाण्यात पाणी वाढलं की आठवड्याभरात तेच गोळे मोठे व्हायला लागतात. आकडे आणि लेबलांपेक्षा हा पुरावा मला जास्त पटतो. उलटं झालं, म्हणजे वाटाण्याएवढे बरेच छोटे गोळे दिसू लागले, तर ते चांगलं लक्षण नाही. आणि बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, मागचा भाग सारखा चाटतोय आणि येतात फक्त थेंब किंवा काहीच नाही, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. मालकांना हे बरेचदा बद्धकोष्ठ वाटतं, मग घरी एरंडेल किंवा तूप पाजण्यात एक दिवस जातो. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

मैत्रिणीच्या किडनीच्या मुद्द्याबद्दल एवढंच, की निरोगी मांजराची किडनी ड्राय फूडमुळे जाते असं सिद्ध झालेलं नाही. आयुष्यभर ड्रायवर राहून म्हातारी झालेली मांजरं आम्ही पाहतो. पण आधी लघवीचा त्रास, खडे, जुनाट बद्धकोष्ठ किंवा डायबेटिस असेल, तर मी शक्यतो पूर्ण वेटकडे जातो. त्या वेळी कोणतं वेट हे तपासण्या बघून ठरवावं लागतं.

दातांचा मुद्दा त्याहून लवकर निकालात निघतो. साधा ड्राय दाणा दाताच्या टोकाला लागताच फुटतो, हिरडीजवळ जिथे कीटण साचतं तिथे तो पोचतच नाही. शिवाय पुष्कळ मांजरं दाणे चावतही नाहीत. तुमच्या बोक्याने कधी खाल्ल्या खाल्ल्या ओकारी काढली असेल तर आठवा, दाणे अख्खेच्या अख्खे बाहेर येतात. दातांसाठी मुद्दाम बनवलेले मोठे, चिवट दाणे असतात, त्यांचा थोडा उपयोग होतो. नेहमीच्या दाण्यांचा नाही. मांजर लहानपणापासून ऐकत असेल तर मांजरासाठीची टूथपेस्ट आणि ब्रश, नाहीतर वर्षातून एकदा तोंडाची तपासणी.

दोन्ही एकत्र दिल्याने पोट बिघडतं यालाही आधार नाही. बिघडतं ते एकदम बदल केल्याने. आठवडाभर फक्त ड्राय आणि रविवारी अचानक अख्खं पाऊच दिलं की सोमवारी लिटरमध्ये पातळ शी दिसते आणि दोष पाऊचला लागतो. रोज थोडं दिलं तर हा प्रश्न बहुतेकांना येत नाही.

आता कॅलरी. न्यूटर केल्यावर मांजराची गरज कमी होते आणि भूक वाढते. त्यात फ्लॅटमध्ये हालचाल ती काय, खिडकी ते सोफा. ड्राय फूड थोड्या आकारात भरपूर कॅलरी देतं, म्हणून भरलेला वाडगा समोर असला की मांजर कंटाळा आला तरी चार दाणे खाऊन येतं. वेटमध्ये पाणीच जास्त असल्याने तेवढ्याच कॅलरीत पोट बरंच भरतं. ड्रायमध्ये पिष्ट जास्त असतं हेही खरं, पण मांजरं लठ्ठ होण्यामागे मला पिष्टापेक्षा न मोजता भरलेला वाडगाच जास्त वेळा सापडतो.

तुमचा बोका न बघता त्याचं योग्य वजन सांगणं कठीण आहे. बरगड्यांवर हात फिरवून पाहा. थोडा दाब दिल्यावर त्या बोटांना लागायला हव्यात आणि वरून पाहिलं तर कमरेला किंचित आत वळण दिसायला हवं. मागच्या पायांपुढे लोंबणारी कातडीची पिशवी बहुतेक मांजरांना असते, ती चरबी समजू नका. साधारण बांध्याचा बोका धरून मी त्याचं योग्य वजन पाच किलो मानतो.

पाच किलोच्या मांजराची निव्वळ विश्रांतीची गरज दिवसाला साधारण २३० कॅलरी असते. वजन स्थिर ठेवायचं तर घरातल्या न्यूटर मांजराला याच्या वर वीसेक टक्के लागतात. आपल्याला वजन उतरवायचंय, म्हणून २३० वरच सुरुवात करू. सध्या तो किती खातो ते आधी एकदा मोजा. सकाळी वाडगा भरताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं, दोन्ही वजनं घ्या. अशी भरवलेली मांजरं ऐंशी-नव्वद ग्रॅम सहज खातात, म्हणजे तीनशेच्या आसपास कॅलरी.

पाकिटावर कॅलरी छापलेल्या असतील तर काम सोपं. नसतील तर लेबलवरून अंदाज काढता येतो. प्रोटीन, फॅट, मॉइश्चर, फायबर आणि ॲश हे आकडे शंभरातून वजा करा, उरतं ते पिष्ट. ॲश लिहिलेली नसेल तर ड्रायसाठी सात आणि वेटसाठी दोन धरा. मग असं मांडायचं:

```
१०० ग्रॅममधल्या कॅलरी = (प्रोटीन × 3.5) + (फॅट × 8.5) + (पिष्ट × 3.5)

ड्राय: (32 × 3.5) + (14 × 8.5) + (34 × 3.5) = 350
वेट:  (10 × 3.5) + (4.5 × 8.5) + (2 × 3.5) = सुमारे 80
```

हे ठोकताळे आहेत. लेबलवरचे प्रोटीन आणि फॅटचे आकडे कमीत कमी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं वरखाली होतं. पण वरच्या आकड्यांनी ऐंशी ग्रॅमचं एक पाऊच साधारण ६५ कॅलरीचं झालं. २३० मधून ६५ गेले, उरले १६५, म्हणजे ड्राय ४७ ग्रॅम. तुमच्या ब्रँडचे आकडे वेगळे असतील तर हीच वजाबाकी पुन्हा करा.

पैशाचं बघा. पाऊच ४५ रुपयांचं धरलं तर महिन्याला १,३५० होतात. ४७ ग्रॅमने महिन्याला ड्राय १.४ किलो लागेल; साडेचारशे रुपये किलोचं घेतलंत तर सव्वासहाशे. दोन हजारांच्या आत बसलं. दोन पाऊच दिली असती तर मला जास्त आवडलं असतं, ड्राय २८ ग्रॅमवर आलं असतं, पण खर्च तीन हजारांपर्यंत जातो. ते जमत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, कारण पाणी फुकट आहे. अर्धं पाऊच वाटीत काढा, त्यात दोन मोठे चमचे कोमट पाणी घालून सारखं करा. दोन वेळांचं मिळून साठ मिली पाणी त्याच्या पोटात आणखी गेलं, पाऊचमधलं पासष्ट वेगळं. पाच किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला २०० ते २५० मिली पाणी लागतं. निम्मं इथेच झालं.

ड्राय मोजायला कप किंवा मूठ वापरू नका. कपाने मोजताना रोज पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात, आणि ४७ मध्ये दहा ग्रॅम म्हणजे पाचवा हिस्सा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा, सकाळीच दिवसभराचं ४७ ग्रॅम एका डबीत भरून ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा की खाऊ द्यायचा तो याच डबीतून. मांजर मुळात दिवसातून बऱ्याच वेळा थोडं थोडं खाणारा प्राणी आहे, म्हणून सकाळ-संध्याकाळ वेट आणि मधल्या वेळात डबीतलं ड्राय तीन-चार हप्त्यांत असं जमतं. त्यातलं थोडं भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत घालून दिलंत तर ते लोळवून दाणे काढण्यात त्याचा अर्धा तास जातो. रात्रीचा शेवटचा हप्ता झोपायच्या आधी द्या, नाहीतर पहाटे चारला तोंडावर पंजा येईल.

आता खरी अडचण. वर्षानुवर्षं ड्राय खाल्लेली मांजरं वेटला तोंड लावत नाहीत. चव नाही, त्यांना तो गिळगिळीतपणाच आवडत नाही. तुमचा बोका रविवारचं पाऊच खातो म्हणजे अर्धी लढाई जिंकलेली आहे, तरी बदल दोन आठवड्यांत हळूहळू करा. पहिले चार-पाच दिवस काहीच बदलू नका, फक्त भरलेला वाडगा उचला आणि ड्राय वेळेवर द्या, सध्या खातो तेवढंच. भुकेची वेळ ठरली की नवीन गोष्ट खाण्याची तयारी होते. मग एक चमचा वेट वेगळ्या पसरट बशीत, खोल वाटीत नको. फ्रिजमधलं थंड वेट मांजरं नाकारतात, त्याला वासच येत नाही. पाऊच बंद असतानाच गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवलं तर अंगाच्या उबेइतकं होतं. उघडलेलं असेल तर वाटीतच कोमट पाणी घाला. तरीही हुंगून निघून गेला तर त्याच्याच ड्रायची मिक्सरमध्ये पूड करून वर भुरभुरा. चमचा चाटून पुसून खाल्ला की वाढवा आणि त्या प्रमाणात ड्राय कमी करा. पाणी सर्वात शेवटी, अर्ध्या चमच्यापासून.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. "भूक लागली की खाईल" म्हणून त्याला उपाशी ठेवू नका. कुत्र्याच्या बाबतीत हे कधी खपून जातं, लठ्ठ मांजराच्या बाबतीत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगावरची चरबी यकृतात साचते आणि कावीळ होऊन जिवावर बेततं. पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर जुनं ड्राय द्या, आणि तेही नाकारलं तर डॉक्टरांना दाखवा.

पाऊच घेताना लेबलवर "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" आणि अडल्ट कॅट असं आहे ना ते पाहा. बारीक अक्षरात "कॉम्प्लिमेंटरी" लिहिलेली पाऊचं मिळतात, जेलीमधला ट्यूना वगैरे, दिसायला फार छान. ती खाऊ म्हणून ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही. त्यात टॉरिन आणि बाकीची पोषणद्रव्यं पुरेशी असतीलच असं नाही. टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी दाखवलं, आणि ती मांजरं घरचं नाही, बाजारातलं तयार अन्नच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. घरी उकडलेलं चिकन याच कारणाने पाऊचची जागा घेऊ शकत नाही. त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. पाऊच संपलं म्हणून एखाद्या दिवशी बिनहाडाचं, बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं चिकन त्याच्याच सुपासकट दिलंत तर हरकत नाही, रोज नको. कच्चे मासे नकोत. दूध-पोळीही नको, तीनेक घास पोळीने त्याचा कॅलरीचा हिशोब कोलमडतो आणि दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही.

ड्रायच्या बाबतीत माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्याकडे पेट शॉपमध्ये मोठ्या पोत्यातून सुटं काढून साध्या पिशवीत विकतात, स्वस्त पडतं म्हणून लोक घेतात. पोतं कधी फोडलं, मुदत काय, लेबल काय, कशाचाच पत्ता नसतो. दाण्यावरची चरबी हवेने खवट होते, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर उघडं ड्राय दोन दिवसांत मऊ पडतं. बोका अचानक ड्राय खाईनासा झाला तर आधी दाणा हातात घेऊन हुंगा. जुन्या तेलाचा वास आला किंवा दाणा मोडताना कट्ट आवाज आला नाही, तर तो सगळा साठा टाकून द्या. दीड किलोचं बंद पाकीट घ्या, तुमच्या हिशोबाने ते महिनाभर जाईल. दाणे डब्यात ओतू नका, पाकीटच तोंड गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तळाशी राहिलेली जुनी चरबी नवीन दाण्यांना लागत नाही आणि बॅच नंबरही हाताशी राहतो. वेटचं उलट आहे. पाऊच उघडल्यावर उरलेलं काचेच्या झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवा, आणि बशीत वाढलेलं आपल्या उन्हाळ्यात तासाभराने उचला.

वजन दर पंधरा दिवसांनी बघा. बाथरूमच्या काट्यावर त्याला घेऊन आणि मग एकट्याने उभं राहून वजाबाकी केली तरी चालेल, पण त्या काट्यांना शंभर ग्रॅमचा फरक नीट कळत नाही. जवळच्या दवाखान्यात छोट्या प्राण्यांचा काटा असतो, तिथे नुसतं वजन करून यायला कोणी नाही म्हणत नाही. आठवड्याला तीस ते साठ ग्रॅम उतरलं तर उत्तम. शंभरच्या बरंच वर उतरत असेल तर घाई होतेय, ड्राय पाच ग्रॅमने वाढवा. महिन्याभरात काहीच हललं नाही तर आधी घरात चौकशी करा, कोणीतरी गुपचूप चीजचा तुकडा देत असतं. तसं काही नसेल तर ड्राय ४७ वरून ४१ वर आणा, पाऊच आहे तेवढंच ठेवा. त्याच्याही खाली जायची वेळ आली तर स्वतः कमी करत बसू नका. तेव्हा डॉक्टरांकडून वजन उतरवण्यासाठीचं खास अन्न लिहून घ्या, कारण नेहमीचं अन्न फार कमी केलं की कॅलरीबरोबर प्रोटीनही कमी पडतं.